वजन-नोंद ॲपच्या नेहमीच्या तक्रारी: कार्यभार सोपवताना, मे २०२४

६ मे २०२४, जळगाव

महिनाअखेरीस मी हे काम सोडतो आहे. माझ्या जागी येणाऱ्यासाठी या नोंदी आजपासून रोज थोड्या लिहीन. तक्रार आली की त्याच दिवशी ती इथे येईल, म्हणजे ती कशी ओळखली आणि काय केलं हे ताजं असतानाच लिहिलं जाईल.

आधी ॲपबद्दल. रावेर, सावदा, फैजपूर, यावल आणि चोपडा अशी पाच केंद्रं आहेत. केळीचा माल काट्यावर चढतो, मापाडी ॲपमध्ये शेतकऱ्याचा कोड टाकतो, वजन ब्लूटूथने काट्यावरून येतं आणि लहान प्रिंटरवर पावती निघते. त्याच क्षणी नोंद फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहिली जाते आणि पाठवायच्या रांगेत लागते. नेट मिळालं की ती जळगावच्या सर्व्हरवर जाते. तिथून हिशेब विभाग शेतकऱ्याची पट्टी करतो.

या वाटेवर एक टप्पा असा आहे की नोंद फक्त फोनमध्ये असते आणि दुसरीकडे कुठेच नसते. शेतकऱ्याच्या हातातली पावती हा तिचा एकमेव कागदी पुरावा. म्हणून कोणत्याही तक्रारीवर पहिला प्रश्न एकच विचारायचा: "रांगेत किती नोंदी आहेत?" सेटिंग्ज उघडून "रांग" दाबलं की आकडा दिसतो. तो आकडा कळेपर्यंत मापाड्याला फोनवर काहीही दाबायला सांगू नका.

यामागे कारण आहे. ॲप अडलं की गावातला मोबाईल दुरुस्तीवाला, घरातला मुलगा किंवा शेजारी पहिला सल्ला "डेटा क्लिअर कर" किंवा "ॲप काढून परत टाक" असा देतात. दोन्हींमुळे फोनमधला डेटाबेस पुसला जातो आणि रांगेतल्या नोंदी कायमच्या जातात. "कॅशे क्लिअर" केल्याने तसं होत नाही, पण फोनच्या पडद्यावर दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे मी कॅशेचंही नाव घेत नाही. रांग शून्य नसेल आणि काहीच उपाय चालत नसेल, तर आधी त्याच पडद्यावरचं "रांग निर्यात" दाबून येणारी फाईल व्हॉट्सॲपवर मागवा. ती हाती आली की मग पुढचं.

८ मे

चोपड्याहून सकाळी फोन आला. मापाडी म्हणाला, "भाऊ, नेट ऊनं, पन नोंद जाई नही राहिनी." ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार आहे आणि तिच्यात ॲप मोडलेलं नसतं. ते वाट बघत असतं.

नोंद पाठवण्याचं काम अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे आहे. पाठवणं फसलं की तो लगेच पुन्हा प्रयत्न करत नाही, थांबतो, आणि दर अपयशागणिक थांबायचा वेळ दुप्पट करतो. आपल्याकडे मूळचीच मांडणी ठेवलेली आहे: पहिल्या अपयशानंतर ३० सेकंद, मग १ मिनिट, मग २, मग ४. दहाव्या अपयशानंतर हा वेळ ४ तास १६ मिनिटांवर जातो. कमाल मर्यादा ५ तासांची आहे.

नेट अजिबात नसेल तर हा गुणाकार होत नाही, कारण नेटशिवाय काम सुरूच होऊ नये अशी अट आपण घातलेली आहे. अडचण होते ती टॉवरच्या काड्या दिसतात पण डेटा हलत नाही अशा जागी. सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत हे नेहमीचं आहे. फोनला वाटतं नेट आहे, तो प्रयत्न करतो, फसतो, पुन्हा फसतो. दुपारी मापाडी गावात येतो, नेट चांगलं असतं, व्हिडिओसुद्धा चालतो, पण ॲप संध्याकाळपर्यंत गप्प बसतं. फोन बंद करून सुरू केल्यानेही उपयोग होत नाही, कारण किती प्रयत्न झाले आणि पुढचा कधी करायचा हे फोनमध्ये लिहून ठेवलेलं असतं.

उपाय: सेटिंग्ज, मग रांग, मग "आता पाठवा". हे बटण जुनं काम रद्द करून त्याच नोंदींसाठी नवं काम लावतं, म्हणजे मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. आजही तसंच केलं आणि रांग दोनेक मिनिटांत रिकामी झाली.

बटण दाबूनही आकडा हलला नाही, तर फोनच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये आपल्या ॲपवर निर्बंध आहेत का ते पाहा. काही कंपन्यांचे फोन ॲप वर सरकवून बंद केलं की त्याची मागची सगळी कामं थांबवतात. त्या फोनवर "निर्बंध नाहीत" असं निवडून ठेवावं लागतं, आणि फोनची मोठी अपडेट आली की ते कधीकधी परत जुन्या जागी जातं.

१२ मे

आखाजी १० तारखेला झाली. दोन दिवस काटे बंद होते आणि फोनही कपाटात बंद पडून होते. आज सकाळी फैजपूर आणि यावल, दोन्हीकडून एकच तक्रार आली: "सर्व्हरशी संपर्क होत नाही." नेट नीट, रांग वाढत चाललेली, "आता पाठवा" दाबलं की लगेच लाल पट्टी.

ही लाल पट्टी किती वेळाने येते ते विचारा. नेटचा दोष असेल तर ॲप ३० सेकंद वाट बघतं आणि मग पट्टी दाखवतं. इथे ती डोळ्याची पापणी लवते न लवते तोच आली. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचणं झालं, पण फोननेच बोलणं नाकारलं. निर्यात केलेल्या फाईलच्या शेवटी ही ओळ सापडली:

```
javax.net.ssl.SSLHandshakeException: Chain validation failed
```

सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं आणि फोन ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. केंद्रांवरचे फोन जुने आहेत. बॅटरी पूर्ण उतरून ते बरेच तास तसेच राहिले की काहींचं घड्याळ मागच्या एखाद्या वर्षावर जाऊन बसतं. मग फोनच्या लेखी आपलं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं. एकाच दिवशी दोन केंद्रांवर तक्रार आली म्हणून सर्व्हरचा दोष समजू नका. आधी बाकीच्या तीन केंद्रांच्या नोंदी येताहेत का ते पाहा. आज येत होत्या. पाचही केंद्रं एकाच वेळी बंद असती तर सर्व्हरवरच्या प्रमाणपत्राची मुदत संपली का हे पाहिलं असतं. आपलं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं, पण ते झालं की नाही हे महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहत जा.

उपाय सोपा आहे: फोनच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये "आपोआप" सुरू करायचं. लाल पट्टी जाते आणि रांग वाहू लागते.

पण तिथेच थांबू नका. घड्याळ चुकीचं असताना केलेल्या वजनांवर चुकीचीच तारीख छापलेली आहे आणि ती तशीच सर्व्हरवर येते. हिशेब विभाग रोजच्या तारखेने पट्टी करतो, म्हणून त्या नोंदी कोणत्याच पट्टीत येत नाहीत आणि कोणी ओरडतही नाही. शेतकरी आठ-दहा दिवसांनी पावती घेऊन येतो तेव्हा कळतं. म्हणून घड्याळ सुधारलं की हे चालवा:

```sql
SELECT id, device_id, slip_no, weighed_at, received_at
FROM weighments
WHERE weighed_at < received_at - interval '3 days'
  AND received_at > now() - interval '1 day';
```

आज यावलच्या नोंदी यात आल्या. मापाड्याला फोन करून पावती क्रमांक वाचून दाखवले, खरी वेळ विचारली आणि तारीख दुरुस्त केली. प्रत्येक दुरुस्तीवर "फोनचं घड्याळ" असं कारण लिहिलं आहे. सणाच्या किंवा लग्नाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी ही क्वेरी कोणी तक्रार करण्याआधीच चालवून ठेवत जा.

१५ मे

आज दुबार नोंदीबद्दल सविस्तर लिहितो, कारण घाईघाईने केलेल्या उपायाने शेतकऱ्याचे पैसे बुडतील असा दोष हा एकच आहे.

सावद्याहून हिशेब विभागाला कळलं की एका शेतकऱ्याच्या खात्यावर १६२० किलो दिसतात आणि त्याच्याकडच्या पावत्यांची बेरीज १२२२ होते. शेतकऱ्याने स्वतः सांगितलं. वजन जास्त दिसत असताना येऊन सांगणारी माणसं आहेत, हे या कामात कायम लक्षात ठेवावं.

सर्व्हरवर त्याच्या चार नोंदी होत्या. पावती ११८, ४१२ किलो. पावती ११९, ३९८ किलो. पुन्हा पावती ११९, ३९८ किलो. पावती १२०, ४१२ किलो. पावती ११९ दोनदा आली आहे आणि ती एकदाच हवी. पण नीट पाहा, ४१२ किलोही दोनदा आहे आणि ते दोन्ही वेळा खरं आहे. एकाच मापाचे क्रेट, तेवढेच क्रेट एका खेपेला, तर वजन जुळणं अगदी शक्य आहे.

सर्व्हरवर जुन्या काळची `find_dup` नावाची क्वेरी ठेवलेली आहे. ती शेतकरी, वजन आणि तारीख या तिघांवर दुबार शोधते. आज ती चालवली असती तर तिने ३९८ ची जोडी दाखवली असती आणि ४१२ चीही. दोन्हींतली एकेक नोंद काढली तर शेतकऱ्याच्या नावावर ८१० किलो राहतात. भाव क्विंटलला १५०० रुपये धरला, तर खऱ्या दुबार नोंदीने कंपनीचे ५९७० रुपये जास्त गेले असते, आणि त्या क्वेरीने शेतकऱ्याचे ६१८० रुपये कमी झाले असते. ती क्वेरी मी आज सर्व्हरवरून काढून टाकली. तिची जागा या क्वेरीने घेतली:

```sql
SELECT device_id, slip_no, weighed_at,
       count(*), min(received_at), max(received_at)
FROM weighments
WHERE received_at > now() - interval '2 days'
  AND voided_at IS NULL
GROUP BY device_id, slip_no, weighed_at
HAVING count(*) > 1;
```

पावती क्रमांक फोन स्वतः देतो आणि तो चढता असतो. ॲप नव्याने टाकलं तर तो १ पासून सुरू होतो, म्हणून नुसत्या क्रमांकावर विसंबता येत नाही. वजनाची वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते, म्हणून तीही सोबत घेतली आहे. फोन, पावती आणि सेकंद हे तिन्ही जुळले तर ती एकाच वजनाची दोन टपालं आहेत असं समजायला हरकत नाही.

आता हे होतं कसं. पावती ११९ ची नोंद फोनने ९ वाजून ४२ मिनिटं ५ सेकंदांनी पाठवली. सर्व्हरने ती ९:४२:०७ ला लिहून घेतली आणि "मिळाली" असं उत्तर दिलं. नेमकं ते उत्तर परतीच्या वाटेवर नेट गेल्याने हरवलं. फोनने ३० सेकंद वाट पाहिली, ९:४२:३५ ला प्रयत्न फसला असं मानलं, आणखी ३० सेकंद थांबला आणि पुन्हा पाठवली. नेट मंद होतं, ती सर्व्हरवर ९:४३:१२ ला पोचली. फोनच्या बाजूने पाहिलं तर त्याने बरोबरच केलं: उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवणं हेच त्याचं काम. म्हणून `min` आणि `max` या दोन वेळांमध्ये एक मिनिटाच्या आसपास अंतर दिसलं की हाच दोष आहे हे पक्कं समजा. अंतर तासांचं असेल तर ८ मेच्या नोंदीत लिहिलेलं लांबलेलं थांबणं मधे आलेलं असतं. पण उत्तर हरवण्याची मूळ गोष्ट तीच.

दुरुस्ती करताना `DELETE` कधीच वापरू नका. नोंद रद्द म्हणून खूण करायची, आणि नेहमी नंतर आलेली नोंद रद्द करायची, पहिली ठेवायची:

```sql
BEGIN;
UPDATE weighments
SET voided_at = now(), void_reason = 'retry duplicate'
WHERE id = 88213;
COMMIT;
```

`UPDATE` नंतर पडद्यावर `UPDATE 1` असं उमटलं तरच `COMMIT` लिहा. वेगळा आकडा दिसला तर `ROLLBACK`. हे चालवण्याआधी हिशेब विभागाला विचारा की त्या शेतकऱ्याची पट्टी निघाली का. निघालेली असेल तर नोंद रद्द करूनही दिलेले पैसे परत येत नाहीत आणि फरक पुढच्या पट्टीत वळता करणं हा त्यांचा निर्णय आहे. आपण फक्त लेखी कळवायचं. आज पट्टी निघालेली नव्हती.

१६ मे

कालच्याच विषयाचा राहिलेला भाग.

हा दोष मुळातून जाण्यासाठी प्रत्येक वजनाला फोनवरच एक वेगळा ओळख क्रमांक मिळतो, `client_id`. सर्व्हरवर त्या रकान्यावर "एकदाच" अशी अट आहे आणि नोंद लिहिताना `ON CONFLICT (client_id) DO NOTHING` लावलेलं आहे. तीच नोंद दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर ती लिहीत नाही, पण उत्तर मात्र "मिळाली" असंच देतो. हे उत्तर बदलू नका. नीटनेटकेपणा म्हणून कोणी तिथे चूक-संदेश परत करायचं ठरवलं, तर फोनला वाटेल पाठवणं फसलं आणि तो तीच नोंद अखेरपर्यंत पाठवत राहील. तिच्यामागची सगळी रांगही अडेल.

मग काल दुबार आलीच कशी? सावद्याच्या त्या फोनवर ॲपची २.३ आवृत्ती आहे. तिच्यात हा क्रमांक नोंद पाठवताना तयार होतो, म्हणजे दर प्रयत्नाला नवा. सर्व्हरला ती वेगळीच नोंद वाटते. २.५ मध्ये क्रमांक वजन जतन होतानाच तयार होतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. कोणत्या फोनवर काय आहे ते `app_version` रकान्यात दिसतं.

मग लगेच सगळ्यांना २.५ द्यावं, असं वाटेल. द्यायचंच आहे, पण रांग रिकामी असताना. रांगेत पडलेल्या जुन्या नोंदींना क्रमांक नसतो, २.५ पहिल्यांदा उघडल्यावर त्यांना तो मिळतो. त्यातली एखादी नोंद आधीच सर्व्हरवर पोचलेली असेल आणि फक्त उत्तर हरवलेलं असेल, तर नव्या क्रमांकाने ती हमखास दुबार होते. म्हणून रात्री काटा बंद झाल्यावर, गावातल्या चांगल्या नेटवर, "आता पाठवा", आकडा शून्य, मग अपडेट. हाच क्रम ठेवा.

अपडेट नेहमी जुन्या ॲपवरच टाकायची. "ॲप इन्स्टॉल झालं नाही" असा संदेश आला तर मापाड्याला जुनं ॲप काढायला सांगू नका. बहुतेक वेळा फोनमध्ये जागा नसते, किंवा फाईल अर्धवट उतरलेली असते. चाचणीसाठी बनवलेली वेगळ्या सहीची फाईल चुकून पाठवली गेली असेल तरी हाच संदेश येतो. व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ काढून जागा करा, फाईल पुन्हा पाठवा.

आज सावद्याचा फोन २.५ वर आणला.

२१ मे

ऊन फार वाढलं आहे. कापणी आता पहाटेच सुरू होते आणि रावेरच्या काट्यावर पहिली गाडी पाचच्या आत उभी राहते. आणि त्यासोबत उन्हाळ्याची ठरलेली तक्रार आली: "काल संध्याकाळी बंद केलेल्या पट्टीत आज सकाळी आपोआप वजन वाढलं."

ही तक्रार थंडीत येत नाही. तिचं उत्तर याच गोष्टीत आहे. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर चालतं आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे २१ तारखेचे पहाटेचे ४ वाजून ५० मिनिटं होतात तेव्हा सर्व्हरच्या लेखी २० तारखेचे रात्रीचे ११ वाजून २० मिनिटं झालेले असतात. साडेपाचच्या आधीचं प्रत्येक वजन आदल्या दिवसात मोजलं जातं. थंडीत काटा आठनंतर लागतो, म्हणून तेव्हा कोणालाच काही दिसत नाही.

नोंदीतली वेळ बरोबरच असते, चूक फक्त तारीख काढताना होते. म्हणून डेटाला हात लावू नका. जुन्या अहवालांत `weighed_at::date` असं लिहिलेलं आहे, तिथे हे लिहायचं:

```sql
(weighed_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date
```

रोजचा गोषवारा आणि पट्टीची यादी या दोन्ही ठिकाणी मी आज हे बदललं. मासिक अहवाल अजून जुन्याच पद्धतीचा आहे. त्यात फक्त महिन्याच्या १ तारखेची पहाट मागच्या महिन्यात जाते, पण १ जूनला पहाटेची कापणी असणारच आहे, तेव्हा त्याआधी तो बदलून घ्या. सर्व्हरचं घड्याळच भारतीय वेळेवर आणण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तसं करू नका. रात्रीच्या बॅकअपचं आणि प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचं वेळापत्रक त्याच घड्याळावर लावलेलं आहे.

२४ मे

आज दोन छोट्या गोष्टी.

पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की पत्र्याच्या शेडमधले फोन तापून चार्ज होणं थांबवतात, पडदा मंद होतो आणि शेवटी फोन बंद पडतो. नोंदी जात नाहीत, कारण पावती छापण्याआधीच नोंद फोनमध्ये लिहिली जाते. पावती हातात आली असेल तर नोंद आहेच. फोन सावलीत ठेवा, कव्हर काढा, चार्जर काढून ठेवा, निवल्यावर सुरू करा. ओल्या फडक्यात गुंडाळू देऊ नका. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद पडला असेल तर १२ मेची घड्याळाची तपासणी करा.

पावतीवर मराठीऐवजी चिनी अक्षरं किंवा चौकोन येऊ लागले की प्रिंटर बिघडला असं समजून लोक तो दुकानात घेऊन जातात. या प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं मुळातच नाहीत. आपण पूर्ण पावतीचं चित्र करून पाठवतो. सेटिंग्जमध्ये "चित्र म्हणून छापा" हे कोणाच्या तरी हातून बंद झालेलं असतं. ते सुरू केलं की काम झालं.

२७ मे

रावेरच्या केंद्रावर एकाच शेतकऱ्याची दोन खाती सापडली. अर्धी वजनं एका कोडवर, अर्धी दुसऱ्यावर, आणि पट्ट्याही दोन.

आडनाव वऱ्हाडे. मापाड्याने नाव टाईप केलं, ॲपने "सापडलं नाही" म्हटलं, म्हणून त्याने नवं खातं काढलं. दोन्ही नावं पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात, पण आत वेगळी आहेत. हा अर्धा र काही कीबोर्ड `U+0931` आणि हलंत असा लिहितात. काही साधा र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक `U+200D` असा लिहितात. संगणकाला हे दोन वेगळे शब्द आहेत. डेटाबेसमधलं `normalize()` या दोघांना एक करत नाही. ते फक्त नुक्त्याने लिहिलेला ऱ आणि अखंड ऱ यांना एक करतं. त्यामुळे शोधण्याआधी हा बदल वेगळा करावा लागतो:

```sql
replace(normalize(name, NFC),
        U&'\0930\094D\200D', U&'\0931\094D')
```

सर्व्हरवरच्या शोधात हे आता घातलेलं आहे. फोनवरचा शोध मात्र फोनमधल्याच यादीत होतो आणि तिथे ते २.६ मध्ये येईल. तोवर मापाड्यांना सांगितलं आहे की नाव सापडलं नाही तर नवं खातं काढण्याआधी मोबाईलचे शेवटचे चार आकडे टाकून पाहा. पाटील-पाटिल, पंडित-पण्डित अशा लेखनातल्या फरकांनाही तेच उपयोगी पडतं. आणि एका गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, तिथे तर नावाने शोधणं असंही धोक्याचंच.

दोन खाती एक करताना जुना कोड ठेवा, कारण शेतकऱ्याच्या हातातल्या पावत्यांवर आणि बँकेच्या यादीत तोच असतो. नव्या कोडवरची वजनं जुन्यावर वळवा आणि नवं खातं बंद करा, पुसू नका. फोनच्या रांगेत नव्या कोडच्या नोंदी अजून असू शकतात आणि खातं पुसलेलं असेल तर त्या येऊन आपटतात. म्हणजे इथेही पहिला प्रश्न रांगेचाच.

३० मे

उरलेली कामं.

यावलचा दुसरा फोन अजून २.३ वर आहे. तो मापाडी लग्नासाठी धुळ्याला गेला आहे आणि फोन त्याच्याचकडे आहे. परवा मी विचारलं तेव्हा रांगेत ३ नोंदी होत्या. तो ३ जूनला परत येईल. त्याच रात्री रांग रिकामी करून २.५ टाका. तोवर १५ मेची क्वेरी रोज दुपारी, पट्टी निघण्याआधी चालवा, आणि घड्याळाचीही, कारण तिथे फोन चार्ज होईल याची खात्री नाही.

चोपड्याला नवा मापाडी येतो आहे. त्याला पहिल्याच दिवशी रांगेचा पडदा दाखवा, आणि काटा बंद करताना तो आकडा ग्रुपवर टाकायची सवय लावा. बाकी चारही केंद्रं रोज रात्री आकडा टाकतात. नऊपर्यंत एखाद्याचा आला नाही तर मी फोन करतो. तेवढा फोन तुम्हीही करत राहा.

मासिक अहवालाची तारीख दुरुस्त करायची आहे, ३१ तारखेच्या आत. फाईल `monthly_summary.sql`, ओळ तुम्हाला `::date` शोधून मिळेल, दोन ठिकाणी आहे.

सर्व्हरचे पासवर्ड इथे लिहिलेले नाहीत. ते आज दुपारी हिशेब विभागाच्या प्रमुखांसमोर बदलून बंद पाकिटात त्यांच्याकडे दिले आहेत. पाकीट घेताना सही करा आणि पहिल्याच दिवशी पुन्हा बदला.